ताठरता कमी झाली आहे? बैठं काम करणाऱ्या पुरुषासाठी चालणं, ताकद आणि पोट यांचा सहा महिन्यांचा आराखडा

लिंगाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात. हृदयाच्या धमन्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. धमनीच्या आतलं अस्तर बिघडायला लागलं की ते सगळ्या शरीरात एकाच वेळी बिघडतं, पण त्रास आधी दिसतो तो सगळ्यात बारीक नळीत. म्हणून चाळिशी-पन्नाशीत हळूहळू कमी होत गेलेली ताठरता ही अनेकदा रक्तवाहिन्यांची तक्रार असते आणि हृदयविकाराची लक्षणं दिसण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी ती सुरू झालेली असू शकते. या वयात ती पुरुषत्व गेल्याची खूण समजून लपवून ठेवणं धोक्याचं आहे, ते यासाठी.

ताठरता येते कशी, हे एकदा समजून घेतलं की पुढचा आराखडा असाच का आहे ते कळतं. कामोत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून आणि धमन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यामुळे धमन्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि भरलेल्या रक्ताच्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच अडकून राहतं. ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या याच साखळीतल्या शेवटच्या कडीवर काम करतात. चालणं काम करतं ते पहिल्या कडीवर. दम लागेल इतकं चाललं की रक्त वेगाने वाहतं, ते अस्तराला घासत जातं आणि त्या घासण्यामुळेच अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला शिकतं. संथ चालण्यात हे घासणं फारच कमी होतं. या लेखात वेगावर इतका भर आहे, त्याचं कारण हे.

पोटाचा संबंध दुहेरी आहे. आतड्यांभोवतीची चरबी सतत दाहकारक रसायनं रक्तात सोडते आणि अस्तर खराब करते. शिवाय चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतात, त्यामुळे पोट सुटलेल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि इच्छाही मंदावते.

पुढचा सगळा आराखडा एका नमुन्यावर बेतला आहे. ठाण्यात राहणारे, फोर्टमधल्या एका कार्यालयात लेखा विभागात काम करणारे ४७ वर्षांचे गृहस्थ. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६ किलो, कंबर १०३ सेंटिमीटर. रक्तदाब १३८/८८, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी म्हणजे एचबीए१सी ६.१. औषध कुठलंच नाही. रोज लोकलमध्ये दोन तास आणि खुर्चीत आठ-नऊ तास. गेल्या दीड वर्षात ताठरता सावकाश कमी झाली. येते, पण टिकत नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण बेरीज-वजाबाकी याच रीतीने करायची.

सुरू करण्याआधीचा आठवडा: मोजणी आणि तपासणी

पहिला प्रश्न असा की पहाटे, झोपेतून उठताना ताठरता येते का? आठवड्यातून दोन-तीनदा चांगली येत असेल आणि जोडीदारासोबत मात्र येत नसेल, तर नळ्या बऱ्यापैकी शाबूत आहेत आणि ताण, भीती, नात्यातला दुरावा यांचा वाटा मोठा आहे. पहाटेचीही विरळ आणि मऊ होत गेली असेल, तर कारण शरीरात शोधायचं. बहुतेकांमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी धास्ती बसते आणि ती धास्ती स्वतःच धमन्या आवळते.

दुसरं म्हणजे गुण. डॉक्टर आयआयईएफ-५ नावाची पाच प्रश्नांची यादी वापरतात. ताठरता येईल आणि टिकेल याची खात्री किती, संभोगासाठी पुरेसा कडकपणा किती वेळा आला, प्रवेशानंतर तो किती वेळा टिकला, शेवटपर्यंत टिकवणं किती अवघड गेलं आणि समाधान किती वेळा मिळालं. एकूण २५ गुण. २२ किंवा त्याहून जास्त म्हणजे ठीक, १७ ते २१ सौम्य तक्रार, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, त्याखाली तीव्र. आपल्या नमुन्यातल्या गृहस्थांचे १४. हे प्रश्न मागच्या सहा महिन्यांबद्दल असतात, म्हणून यादी दर पंधरवड्याला भरण्यात अर्थ नाही. आज भरा आणि सहा महिन्यांनी भरा. मधल्या काळासाठी कडकपणाची चार पायऱ्यांची मोजपट्टी सोपी पडते: १ म्हणजे आकार वाढतो पण कडक होत नाही, २ म्हणजे कडक पण प्रवेशापुरतं नाही, ३ म्हणजे प्रवेशापुरतं पण पूर्ण नाही, ४ म्हणजे पूर्ण ताठ. आठवड्यातून एकदा, रविवारी, पहाटेच्या ताठरता किती वेळा आल्या आणि कोणत्या पायरीच्या, एवढंच वहीत लिहा. रोज लिहू नका. रोज तपासणारा माणूस अंथरुणात परीक्षक होऊन बसतो.

तिसरं म्हणजे कंबर. पँटचा नंबर धरू नका, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, नेहमीसारखा श्वास सोडा, पोट आत न घेता वाचा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या आत असणं चांगलं.

मग डॉक्टर. फिजिशियनकडे जाऊन रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, आणि सकाळी दहाच्या आत उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन पाहून घ्यायचं. टेस्टोस्टेरॉन दुपारी खाली येतं, त्यामुळे संध्याकाळी दिलेल्या रक्तावरून काहीही ठरवू नये. एकदा कमी आलं तर पुन्हा एका सकाळी तपासायचं. सध्या कोणती औषधं चालू आहेत तेही सांगा. रक्तदाबाची काही औषधं, विशेषतः काही बीटा-ब्लॉकर आणि पाणी काढणाऱ्या थायाझाइड गोळ्या, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या ताठरता कमी करू शकतात. डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात, पण आपल्या मनाने बंद करू नका.

हृदयाचा एक साधा अंदाज घरीही घेता येतो. सपाटीवर वीस मिनिटं बेताच्या चालीने चालून मग दोन मजले पटकन चढता आले, आणि छातीत दुखलं नाही की अवाजवी धाप लागली नाही, तर संभोगाएवढा श्रम हृदयाला बहुधा झेपतो. चढताना छाती, जबडा किंवा डावा हात दुखला, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा विश्रांतीतला रक्तदाब १८०/११० च्या आसपास असला, तर चालण्याचा आराखडा बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी. ताठरता एका रात्रीत गेली असेल, लिंग वाकडं होऊन दुखत असेल, किंवा अपघात अथवा शस्त्रक्रियेनंतर त्रास सुरू झाला असेल, तर थेट यूरोलॉजिस्टकडे जावं.

चालणं

ताठरतेसाठी व्यायामावर झालेल्या चाचण्या २०१८ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा निघालेला हिशेब सुटसुटीत आहे: ४० मिनिटं, आठवड्यातून चार वेळा, सहा महिने, वेग मध्यम ते जोरदार. म्हणजे आठवड्याला १६० मिनिटं. दिवसभरात हलत-डुलत झालेली दहा हजार पावलं याची जागा घेत नाहीत. स्टेशनचा पूल, कार्यालयातली ये-जा आणि भाजी आणणं धरून बऱ्याच मुंबईकरांची सात-आठ हजार पावलं तशीच होतात, तरी पोट आणि ताठरता जिथल्या तिथे राहते.

वेग ओळखायची रीत अशी. चालताना अर्ध्या मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा. ५० म्हणजे मिनिटाला १००, ही मध्यम श्रमाची खालची सीमा. आपल्याला हवीत अर्ध्या मिनिटात ५७ ते ६२. दुसरी खूण बोलण्याची. एक वाक्य बोलता यावं, पण दुसऱ्या वाक्याआधी श्वास घ्यावा लागावा. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. मित्रांच्या घोळक्यात गप्पा मारत केलेली फेरी मनाला चांगली असते, ती वेगळी करा. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर वेग ठरवू नये, कारण त्या गोळीने नाडी पुरेशी वाढत नाही. बोलण्याची खूणच धरावी.

वाढ सावकाश करायची. पहिले चार आठवडे आठवड्यातून पाच दिवस २० मिनिटं: पाच मिनिटं सावकाश, दहा मिनिटं वेगात, पाच मिनिटं उतरती चाल. पाचव्या आठवड्यापासून ३० मिनिटं, त्यातली २० वेगात. नवव्यापासून ४० मिनिटं, चार दिवस, त्यातली ३० वेगात. ८६ किलोच्या माणसाने पहिल्याच दिवशी ४० मिनिटं झपाझप चालायचा हट्ट धरला, तर तिसऱ्या आठवड्यात टाच किंवा गुडघा धरतो आणि महिनाभर सगळं बंद पडतं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताच टाचेत कळ येणं ही त्याची पहिली खूण. ती आली तर वेळ निम्म्यावर आणा, घरातही मऊ चप्पल घाला आणि जोडे झिजलेत का पाहा.

तेराव्या आठवड्यापासून चारपैकी दोन दिवस चढ-उताराचे करा. तीन मिनिटं नेहमीचा वेग, मग एक मिनिट जितकं जोरात चालता येईल तितकं, असं सहा वेळा. पूल किंवा चढण जवळ असेल तर ते एक मिनिट चढणीवर घाला. पळायची गरज नाही. पोट मोठं असताना पळण्याने गुडघ्यांवरचा भार फार वाढतो आणि अस्तराला हवं ते चढण देतेच.

आपल्या गृहस्थांना घरून सकाळी आठला निघावं लागतं. त्यांनी सव्वासहाला तलावपाळीला चार फेऱ्यांचे दिवस ठरवले: मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार. सोमवार मोकळा सोडला, कारण रविवारच्या जागरणानंतर तोच दिवस हमखास चुकतो. पावसाळ्यात इमारतीचा जिना आहे: दोन मजले चढा, सावकाश उतरा, वीस मिनिटं. उतरताना कठडा धरा, कारण गुडघे उतरतानाच दुखावतात.

खुर्चीचं काय? तरुण पुरुषांना सलग तीन तास बसवून पाहिलं, तेव्हा मांडीच्या धमनीची फैलावण्याची क्षमता पहिल्याच तासात घटली. तेच लोक दर तासाला पाच मिनिटं साध्या चालीने चालले, तेव्हा ती टिकून राहिली. म्हणून दर पाऊण तासाने उठायचं: पाणी भरायला, फाइल द्यायला, फोनवर बोलायला. याने वजन फारसं घटत नाही, पण सकाळी कमावलेलं दिवसभरात गमावलं जात नाही. दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखरही कमी चढते.

ताकद

स्नायू हे साखर साठवण्याचं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार आहे. कोठार मोठं झालं की इन्शुलिन कमी लागतं आणि धमन्यांवरचा ताण कमी होतो. दुसरं असं की नुसतं जेवण कमी करून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. माणूस बारीक आणि थकलेला दिसतो आणि थकलेल्या माणसाची इच्छाही थकते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, चालणं नसलेल्या दिवशी, अर्धा-पाऊण तास.

जिम लागत नाही. पाच हालचाली पुरतात.

पहिली, खुर्चीवरून उठबस. हात छातीवर, मागे खुर्ची, टेकल्यासारखं होताच उठायचं. १० वेळा. दुसरी, ओट्यावर हात टेकून पुश-अप. डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ फळी आणि छाती ओट्याजवळ आणायची. ८ वेळा. तिसरी, पाठीवरची पिशवी उचलणं. प्रवासी सॅकमध्ये पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या भरून १० किलो करा, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका, उचला, ठेवा. १० वेळा. यात पाठ गोल झाली तर मणक्याला दुखापत होते, म्हणून पहिले दोन आठवडे आरशाकडे बाजू करून करा. चौथी, तीच सॅक हातात धरून, दुसरा हात टेबलावर टेकवून, कोपर मागे ओढायचं. प्रत्येक हाताने १०. पाचवी, उताणं झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलणं, वर तीन सेकंद थांबणं. १२ वेळा. पाची हालचालींची एक फेरी झाली की दीड-दोन मिनिटं बसा. पहिल्या महिन्यात दोन फेऱ्या, पुढे तीन.

वजन कधी वाढवायचं? शेवटच्या फेरीतही ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन जास्त काढता आले आणि असं लागोपाठ दोन वेळा झालं की. सॅकमध्ये २ किलो घाला, उठबस खुर्चीऐवजी बुटक्या स्टुलावर आणा, पुश-अप ओट्यावरून पलंगाच्या काठावर आणा. सहा महिने तीच १० किलोची सॅक उचलत राहिलात तर दुसऱ्या महिन्यानंतर स्नायू वाढायचे थांबतात. उचलताना श्वास सोडा. श्वास कोंडला तर रक्तदाब क्षणात झेपावतो आणि १३८/८८ वाल्या माणसाला तो नको आहे.

यालाच जोडून ओटीतळाच्या स्नायूंचा व्यायाम. लिंगाच्या मुळाशी असलेले हे स्नायू आवळून आतलं रक्त कोंडून धरतात. ‘येते पण टिकत नाही’ या तक्रारीत त्यांचा थेट उपयोग आहे. वात रोखून धरताना किंवा लघवी मध्येच थांबवताना जे आवळतात ते हे स्नायू. बरोबर जमलं तर लिंगाचं मूळ किंचित आत ओढलं जातं आणि वृषण जरा वर उचलले जातात. पोट, मांड्या आणि नितंब सैलच राहायला हवेत. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद पूर्ण सैल सोडा, असे दहा, दिवसातून तीनदा. एकदा झोपून, एकदा बसून, एकदा उभं राहून. लोकलमध्ये उभं राहूनही होतं. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. फरक पडायला साधारण तीन महिने लागतात. आवळण्याइतकंच सोडणंही शिका. आवळून ठेवायची सवय लागली तर ओटीपोटात दुखायला लागतं.

पोट उतरवणं

इटलीतल्या नेपल्समध्ये ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना ताठरतेची तक्रार होती, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब कुणालाच नव्हता. निम्म्यांना वजन किमान १० टक्के उतरवायला आणि हालचाल वाढवायला नीट शिकवलं, उरलेल्यांना नुसता सामान्य सल्ला दिला. पहिल्या गटाचे सरासरी गुण १३.९ वरून १७ झाले आणि जवळपास तिघांतल्या एकाची ताठरता पूर्ववत झाली. दुसऱ्या गटात ५५ पैकी तिघांचीच. यातून दोन गोष्टी घ्याव्यात: फायदा खरा आहे, आणि तो प्रत्येकाला पुरता मिळत नाही.

आपल्या गृहस्थांसाठी १० टक्के म्हणजे साडेआठ किलो, ८६ वरून साडेसत्त्याहत्तर. सहा महिन्यांत आठवड्याला सरासरी ३०० ते ४०० ग्रॅम. त्यासाठी रोज साधारण ४०० कॅलरी कमी पडायला हव्यात. एक चालणं, साडेतीन किलोमीटरचं, त्यांना अंदाजे २०० कॅलरी देतं. स्टेशनबाहेरचा एक वडापाव ते सगळं परत करतो आणि वर उरतो. म्हणजे वजन उतरतं मुख्यतः ताटात, चालणं धमनीसाठी आहे. हे दोन हिशेब मिसळले की ‘इतकं चालतोय तरी वजन हलत नाही’ म्हणून माणूस दीड महिन्यात सोडून देतो.

त्यांच्या ताटातून काय निघालं? दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. ती अर्ध्या चमच्यावर आणली, सुमारे १२० कॅलरी. घरात चार माणसांना महिन्याला ३ लिटर तेल लागत होतं, ते २ लिटरवर आणलं. माणशी रोजचे आठ मिलिलिटर, म्हणजे ७० कॅलरी. हे स्वयंपाकघरातल्या माणसाशी बसून ठरवावं लागतं, म्हणून घरच्यांना निदान वजनाचा उद्देश सांगा. संध्याकाळचं फरसाण गेलं, त्याजागी मूठभर फुटाणे. रात्रीच्या चार पोळ्या आणि भात यांऐवजी दोन पोळ्या, दोन वाट्या उसळ किंवा आमटी आणि पातेलीभर भाजी. चारशे भरले. उपास नाही, पोळी बंद नाही.

प्रथिनं मात्र वाढवायची. वजन उतरवताना स्नायू टिकवायला दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास लागतात आणि वरण-भात-भाजी-पोळीच्या ताटात ती निम्मीच भरतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५, १०० ग्रॅम मासळीत २० च्या आसपास. नाश्त्याला पोह्यांबरोबर दोन अंडी, डब्यात उसळ, रात्री पनीर, मासळी किंवा सोया, सोबत दही, असं वाटलं की जुळतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घाईने उतरवू नका. महिन्यात सात-आठ किलोच्या मागे लागून अर्धपोटी राहणाऱ्याची इच्छा आधी मरते, झोप बिघडते, चिडचिड वाढते आणि मूळ तक्रार उलट जास्त वाटायला लागते. आठवड्याला अर्ध्या किलोवर जाऊ नका. आणि वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. ताकदीचा व्यायाम सुरू झाला की दोन-तीन आठवडे काटा हलत नाही पण कंबर सेंटिमीटरभर उतरलेली असते.

कुठे अडतं

तंबाखू. सिगारेट, मिश्री, गुटखा, काहीही असो, निकोटिन धमन्या आवळतं आणि अस्तर जाळतं. ते चालू ठेवून चालणं म्हणजे एका हाताने नळ उघडून दुसऱ्याने बंद करणं. दारूचं प्रमाण जास्त झालं की त्या रात्रीची ताठरता तर जातेच, शिवाय शनिवारच्या तीन पेग आणि चखण्यात आठवड्याच्या बचतीतला मोठा भाग संपतो.

घोरणं. जोरात घोरता, मध्येच श्वास थांबतो असं घरचे सांगतात, दुपारी खुर्चीतच डोळा लागतो, अशी स्थिती असेल तर झोपेत श्वास अडखळण्याची तपासणी करून घ्या. रात्रभर प्राणवायू खाली जात असेल तर चालण्याचा फायदा अर्धाही दिसत नाही.

चूर्ण आणि कॅप्सूल. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या औषधांमध्ये चोरून सिल्डेनाफिल मिसळल्याचं देशोदेशीच्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडलं आहे. ज्या माणसाच्या खिशात छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी आहे, त्याने हे अजाणता घेतलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. जिममध्ये कुणी सुचवलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शनही तपासणीशिवाय नको. त्याने स्वतःच्या वृषणांचं काम थांबतं आणि शुक्राणू घटतात.

आणि घाई. पहिल्या महिन्यात झोप आणि दम सुधारतो, ताठरतेत बहुधा काहीच दिसत नाही. पहाटेच्या ताठरता बहुतेकदा आधी वाढतात, दोन ते तीन महिन्यांच्या आसपास. जोडीदारासोबतचा फरक त्यामागून येतो, कारण तिथे धास्तीही उतरावी लागते. म्हणून पहिले दोन महिने जोडीदाराशी बोलून संभोगाचं ओझं बाजूला ठेवणं, नुसती जवळीक ठेवणं, हे अनेकांना उपयोगी पडतं.

सहा महिन्यांनी

नमुन्याचा हिशेब असा असू शकतो: वजन ७८.५, कंबर ९४, रक्तदाब १२८/८२, एचबीए१सी ५.८. पहाटेची ताठरता आठवड्यात एकदा दुसऱ्या पायरीची होती, ती चारदा तिसऱ्या पायरीची. गुण १४ वरून १८. म्हणजे सुधारणा स्पष्ट, तक्रार अजून सौम्य शिल्लक. इथून कंबर ९० च्या आत येईपर्यंत हाच क्रम चालू.

कंबर सात-आठ सेंटिमीटर उतरली, चालणं चुकलं नाही, तंबाखू नाही, तरीही गुण हललेच नाहीत, तर दोष मेहनतीत नाही. जुना मधुमेह, मज्जातंतूंची इजा, अडकलेल्या धमन्या किंवा खरोखर कमी टेस्टोस्टेरॉन यांतलं काही असू शकतं. यूरोलॉजिस्ट लिंगाच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी करून पाहू शकतात. सिल्डेनाफिलची गोळी सुरू करायलाही सहा महिने थांबलंच पाहिजे असं नाही. नायट्रेट चालू नसेल आणि डॉक्टरांनी हृदय तपासून दिली असेल, तर ती पहिल्या महिन्यापासून घेता येते. धास्ती मोडायला तिचा उपयोग होतो आणि चालणाऱ्या माणसात ती जास्त चांगली लागू पडते. सिल्डेनाफिल तेलकट जेवणावर घेतली तर उशिरा आणि कमी चढते, आणि उत्तेजनेशिवाय तिचा परिणाम दिसत नाही. ‘गोळीही चालली नाही’ म्हणून येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ती घेतलेली असते भरल्या पोटी आणि एकदाच. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा नीट घेऊन पाहिल्याशिवाय ती लागू पडत नाही असं ठरवू नये.